सात वर्षांपूर्वीचं दुःख

आमच्या एकांकिकेत मला रडायचं होतं. खरं सांगायचं तर माझं तेवढंच काम होतं. जालन्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, युवक महोत्सवासाठी एकांकिका बसत होती, आणि बाप गेलेल्या पोराची भूमिका माझ्याकडे आली होती. पोरगा पुण्याहून गावी येतो. अंगणात बापाची चप्पल तशीच पडलेली दिसते. तो ती उचलतो, आईला विचारतो, "ही कामून ठेवली अजून?" आणि रडतो. एक वाक्य, एक चप्पल, एक रडणं.

मला रडू येत नव्हतं. आमचा दिग्दर्शक कुठलंसं आठ दिवसांचं शिबिर करून आला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुझा आजा गेलाय ना? त्याला आठव. मेथड कर."

आजोबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी आठवलं आणि ढसाढसा रडलो. तालमीच्या खोलीत सगळे गप्प. आईचं काम करणारी मुलगीही रडायला लागली. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी परत तसंच झालं, तिसऱ्या दिवशी जरा कमी. पाचव्या दिवशी काहीच नाही. मग मी जोर लावायला लागलो. आजोबांचा चेहरा, हार घातलेला फोटो, दहावा, असं सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आणायचो आणि वाट बघायचो.

प्रयोगाच्या दिवशी चप्पल उचलली आणि सगळं एकदम आलं. इतकं आलं की गळाच बंद झाला. वाक्य निघेना. समोरच्या मुलीनं थोडं थांबून माझंच वाक्य प्रश्नासारखं म्हणून टाकलं, म्हणून प्रसंग पुढे सरकला. मी खरोखर रडत होतो, आणि मागच्या रांगेतून आवाज येत होता, "काय म्हणला? काय म्हणला?" परीक्षकांनी कागदावर लिहिलं, आवाज पोहोचला नाही. ते बरोबरच होतं. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वेगळंच झालं. त्यानंतर आजोबा आठवले की त्यांच्याबरोबर तो पिवळा स्पॉटलाइटही आठवायला लागला.

मी जे केलं त्याला मेथड म्हणतात का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता बऱ्यापैकी कळतं. मधल्या काळात मी नट झालो नाही, पण हा प्रश्न सुटला नाही. त्यामुळे हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये रोज येतो. अमुक नटानं भूमिकेसाठी वीस किलो वजन वाढवलं, तमुक नट सेटवर सहा महिने कुणाशी बोललाच नाही, म्हणजे तो मेथड ॲक्टर. असं असेल तर आमच्याकडचा बहुरूपी सगळ्यात मोठा मेथड ॲक्टर ठरेल. सुगी झाली की तो पोलिसाच्या वेशात गावात शिरायचा, दारोदार खोट्या पावत्या फाडायचा, लग्नाची खोटी आमंत्रणं द्यायचा, आणि वेशीबाहेर पडेपर्यंत पोलिसच राहायचा. कमालीचं काम. पण त्याचं सगळं कौशल्य बाहेर असतं, म्हणजे टोपीत, चालीत, दरडावण्यात. पोलिसाला आतून काय वाटतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि आपल्यालाही नसतं. भूमिकेत दिवसभर राहणं ही एक सवय आहे, काही मेथडवाले ती लावून घेतात, पण ती मेथड नव्हे.

मग मेथड म्हणजे काय? त्यासाठी आपल्याच रंगभूमीवरून सुरुवात केलेली बरी, कारण मेथड ज्याच्या विरोधात उभी राहिली ते आपल्याकडे ठळक दिसतं.

किर्लोस्करांच्या काळातल्या नाटक कंपन्यांत तालीम मास्तर असायचे. गोविंद बल्लाळ देवल हे त्यातलं मोठं नाव. मास्तर वाक्य कसं म्हणायचं ते म्हणून दाखवणार, हात कुठं, मान कुठं, पाऊल कुठं हे दाखवणार, आणि नट ते घोटून घोटून अंगात मुरवणार. भावना आतून आली की नाही हे कुणी विचारत नसे. प्रेक्षकापर्यंत गेली की नाही एवढंच विचारलं जाई. आणि या पद्धतीची ताकद कुठं दिसते, तर १२ मार्च १९११ ला. त्या दिवशी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले.

ही गोष्ट आपल्याला कर्तव्यनिष्ठेची म्हणून सांगितली जाते. मला ती तंत्राची वाटते. त्या रात्री त्यांच्या मनात जे होतं त्याचा भामिनीच्या मनाशी काही संबंध नव्हता. भामिनी लाडात वाढलेली, गर्विष्ठ, नवऱ्या मुलाला नाकारणारी. भूमिका जर नटाच्या मनःस्थितीवर उभी असती, तर पडदा उघडताच ती कोसळली असती. ती अंगवळणी पडलेल्या स्वरांवर आणि हालचालींवर उभी होती, म्हणून टिकली. माझी चप्पल मात्र माझ्या मनःस्थितीवर उभी होती.

या पद्धतीचा दोषही तितकाच खरा. घोटलेली गोष्ट शंभराव्या प्रयोगाला घोटलेलीच दिसायला लागते. दुःख झालं की हात कपाळाला, राग आला की नाकपुड्या. रशियात कॉन्स्टंटिन स्तानिस्लावस्की नावाच्या नटाला हेच खुपत होतं. १८९८ मध्ये त्यानं मॉस्को आर्ट थिएटर काढलं, आणि पुढची चाळीस वर्षं एकच प्रश्न धरून बसला. प्रेरणा रोज रात्री येत नाही, प्रयोग मात्र रोज रात्री असतो, तर ती बोलावण्याचा रस्ता कोणता? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याच्या लिखाणात त्याला एक कल्पना सापडली. माणसाला घटनेसोबत तिची भावनाही आठवते, आणि ती पुन्हा अंगात येऊ शकते.

आपल्या भरताला हा प्रश्न नवा नव्हता. नाट्यशास्त्रात सात्त्विक भावांची यादी आहे. त्यात अश्रू, घाम, रोमांच, आवाज फुटणं, अंग थरथरणं आहे, आणि भरत म्हणतो की मन एकाग्र झाल्याशिवाय हे येत नाहीत. कारण घाम हात वर केल्यासारखा आणता येत नाही. पण मन कशावर एकाग्र करायचं, स्वतःच्या दुःखावर की पात्राच्या, याचं आजच्या नटाला पुरेल असं उत्तर तिथं मिळत नाही. भांडण नेमकं तिथंच सुरू होतं.

१९२३ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं. ते पाहून भारावलेल्यांत ली स्ट्रासबर्ग हा तरुण होता. १९३१ मध्ये त्यानं दोघांच्या साथीनं न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर काढलं आणि नटांकडून स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणींवर काम करून घ्यायला सुरुवात केली. त्याच कंपनीतली स्टेला ॲडलर या प्रकाराला वैतागली होती. १९३४ मध्ये ती पॅरिसला खुद्द स्तानिस्लावस्कीला भेटली, काही आठवडे त्याच्याजवळ शिकली आणि परत येऊन तिनं जाहीर केलं की आपण चुकतोय. म्हातारा आता आठवणींवर भर देत नाही. तो म्हणतो, पात्राची परिस्थिती नीट कल्पनेत उभी करा, पात्राला काय हवंय ते ओळखा आणि ते मिळवायला कृती करा, भावना मागून येईल. स्ट्रासबर्गनं ऐकलं नाही. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला ॲक्टर्स स्टुडिओ निघाला, १९५१ पासून स्ट्रासबर्ग त्याचा प्रमुख झाला, आणि जगानं ज्याला मेथड म्हटलं ती त्याची. मार्लन ब्रँडोला सगळे मेथडचा देव मानतात, पण तो स्वतः आपलं शिक्षण ॲडलरचं मानायचा. तेव्हा एका घरातल्या भांडणाचं नाव आपण एका भावाच्या नावावर लावून मोकळे झालो आहोत.

हे सगळं मला कळलं ते एका जुन्या पुस्तकाच्या नादानं. स्तानिस्लावस्कीचं नटाच्या तयारीवरचं पुस्तक १९३६ मध्ये इंग्रजीत आलं आणि के. नारायण काळे यांनी ते 'अभिनय साधना' या नावानं मराठीत आणलं. काळे म्हणजे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर काढणाऱ्यांपैकी एक. 'आंधळ्यांची शाळा' या नाट्यमन्वंतरच्या नाटकानं मराठी रंगभूमीवर घरातल्यासारखं बोलणं, घरातल्यासारखं बसणं आणायचा प्रयत्न केला. हे पुस्तक मराठीत आणायला योग्य माणूस. महोत्सवाच्या त्या फजितीनंतर ते पुस्तक हाती आलं, आणि त्यात मला 'आजा आठव' असं कुठंच सापडलं नाही. उलट भावनेच्या मागे थेट धावू नका, असंच ते पानोपानी सांगत होतं.

स्ट्रासबर्गही तेच सांगतो, हे मला आणखी उशिरा कळलं. त्याच्याकडे आठवणीवर काम करण्याआधी महिनोन्‌महिने साधे व्यायाम असत. पहिलं म्हणजे खुर्चीत बसून अंग सैल सोडणं. मान, जबडा, भुवया, कपाळाच्या कडा, कारण ताण असला की काही येतच नाही. मग रिकाम्या हातात रोजचा चहा-कॉफीचा कप धरायचा. धरण्याचा अभिनय करायचा नाही. शोधायचं. कप किती जड आहे? बोटाला ऊब कुठं लागते, कानाला की पोटाला? ओठाला कड टेकते तेव्हा ती पातळ लागते की जाड? वाफ नाकाला आधी कळते की डोळ्याला? हे करून बघा. पहिल्या दिवशी लक्षात येतं की आयुष्यात हजारो वेळा चहा पिऊनही आपल्याला कप माहीत नाही.

त्यानंतर कधीतरी ती मोठी आठवण. आणि तिचे नियम ठरलेले. आठवण किमान सात वर्षं जुनी हवी. ताजी असेल तर ती तुमच्या ताब्यात राहत नाही, तुम्हीच तिच्या ताब्यात जाता, आणि एक दिवस दगा देते. जुनी आठवण सात वर्षांनंतरही हलवत असेल तर ती पुढेही हलवेल, असा हिशेब. दुसरं, घटनेच्या पाचएक मिनिटं आधीपासून सुरुवात करायची. तिसरं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, दुःखाकडे बघायचंच नाही. तेव्हा अंगावर कुठला कपडा होता, तो गळ्याशी टोचत होता का, उजेड कुठून येत होता, वास कसला होता, हाताखाली काय होतं, एवढंच एकेक करून विचारायचं. भावना यायची तर त्यातल्याच एखाद्या फुटकळ गोष्टीतून येते. कुठल्या, ते सापडलं की तीच चावी. मग प्रयोगात पूर्ण घटना आठवायची गरज नसते. ग्रुप थिएटरमध्ये याला 'एक मिनिट घेणं' म्हणायचे, कारण भावना हवी असेल त्याच्या साधारण मिनिटभर आधी नट ती चावी फिरवायला लागायचा.

आता माझा हिशेब बघा. आठवण आठ महिन्यांची. सुरुवात थेट चेहऱ्यापासून, म्हणजे दुःखाच्या मध्यापासून. अंग ताठ. आणि मिनिटभर आधी नाही, तर चप्पल हातात घेतल्यावर. चारही चुका एकाच दमात. शिवाय पाचव्या तालमीला जे आटलं, तेही सरळ होतं. मी भावनेलाच हाक मारत होतो, आणि हाक मारून ती येत नाही.

तर हे सगळं पडद्यावर किंवा रंगमंचावर ओळखायचं कसं? एक मर्यादा आधीच सांगतो. नटाच्या डोक्यात काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही. दिसतं ते वागणं. त्या वागण्यावरून रस्ता कोणता असावा याचा अंदाज करता येतो, खात्री नाही. आणि डोळ्यांतल्या पाण्यावरून तर अंदाजही करू नये. सिनेमात ग्लिसरीन असतं.

मी हात बघतो. १९५४ चा 'ऑन द वॉटरफ्रंट' फोनवर शोधा. ब्रँडो आणि इव्हा मेरी सेंट बागेतून चालत बोलताहेत. तिचा पांढरा हातमोजा खाली पडतो. हे तालमीत चुकून घडलं होतं. तो मोजा उचलतो, पण परत देत नाही. बोलता बोलता झोपाळ्यावर बसतो, मोज्यावरची धूळ झटकतो आणि आपल्या जाडजूड हातात तो घालायला लागतो. संवादात या मोज्याबद्दल अक्षर नाही. पण तिला जायचंय आणि मोजा त्याच्याकडे आहे, म्हणून ती थांबते. आवाज बंद करून हा प्रसंग बघितला तरी गोष्ट कळते. घोटलेल्या अभिनयात हात वाक्याला जोड देतो. वाक्य 'जा' म्हणतं, हात दाराकडे जातो. इथं हाताचं वेगळंच काही चाललेलं असतं, वाक्याच्या विरुद्धसुद्धा. वस्तूला वजन आलेलं असतं, ऊब आलेली असते. नाटकातला कप बहुतेक वेळा रिकामा असतो. तो उचलताना नटाचं मनगट किती वाकतं ते बघा, व्यायाम केलाय की नाही ते तिथं कळतं.

दुसरं म्हणजे, बोलणाऱ्याकडे बघायचंच नाही, ऐकणाऱ्याकडे बघायचं. घोटलेल्या कामात ऐकणारा आपली पाळी यायची वाट बघत असतो, आणि समोरच्याचं वाक्य संपलं की त्याचा चेहरा बदलतो. आतून काम करणाऱ्याचा चेहरा समोरच्याच्या वाक्याच्या मध्येच बदलतो, ज्या शब्दाशी त्याला लागतं त्या शब्दाशी. आणि रडण्याच्या प्रसंगात दिशा बघायची. खरा माणूस चारचौघांत रडू दाबतो, तोंड फिरवतो, उगाच काहीतरी आवरायला घेतो. भावना दाखवणारा नट रडण्याकडे जातो, भावना आलेला नट रडण्यापासून लांब जायला बघतो.

मेथड फसली तरी ती ओळखू येते, आणि हे ओळखणं सोपं आहे, कारण मी स्वतः त्याचा नमुना होतो. डोळे आत वळतात. समोरचा काय म्हणाला ते ऐकू येत नाही, कारण नट स्वतःच्या घरी गेलेला असतो. आवाज खाली जातो, वाक्यांची लय सैल पडते, विराम उगाच लांबतात. कॅमेऱ्याला हे चालून जातं, तो नाकापर्यंत जवळ येतो. आमच्याकडे जत्रेच्या पटांगणात एकच टांगलेला माइक, शेजारी पाळण्याचा जनरेटर, समोर हजारभर माणसं. तिथं पुटपुटणाऱ्याला 'ए, मोठ्यानं!' हेच ऐकावं लागतं. मेथड कॅमेऱ्याच्या काळात वाढली हा योगायोग नाही. आणि पुटपुटणं, डोकं खाजवणं, सिगारेट उलटसुलट करणं ही बाहेरची लक्षणं नुसती उचलणारे नटही पुष्कळ आहेत. ती पुन्हा नक्कलच, फक्त देवल मास्तरांऐवजी ब्रँडोची.

तालीम आणि मेथड या दोनच वाटा आहेत, असं वाटत असेल तर डॉ. श्रीराम लागूंकडे बघायला हवं. कान-नाक-घशाचे सर्जन, १९७० मध्ये गणपतराव बेलवलकर म्हणून उभे राहिले आणि 'नटसम्राट' त्यांचं झालं. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण'. माल इकडून तिकडे नेणारा. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारा हमाल, एवढीच नटाची जागा त्यांनी स्वतःला दिली. या विचाराचा नट स्वतःच्या गोण्या त्यात घुसडत नाही. तो भाषेवर काम करतो, वाक्यातला विचार कुठं वळतो ते शोधतो, श्वास तिथं ठेवतो. असा नट ओळखायचा तर कानानं. वाक्य लांब असूनही अर्थ कुठं निसटत नाही आणि शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत जातो. मेथडवाल्याचं वागणं लक्षात राहतं, लागूंसारख्याचं बोलणं.

आणि मग चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. २०१५ मध्ये तो थिएटरात आला. त्यात गटारसफाई कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. तिचं काम करणाऱ्या बाई मुळात नटी नाहीत, आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य त्या पात्राच्या फार जवळचं आहे. त्या रडत नाहीत. विचारलं तेवढं कोरड्या आवाजात सांगतात. नवरा गटारात उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का बघायचा, आली तर आत हवा आहे असं समजायचा. रेशनच्या रांगेतली माहिती द्यावी तसं सांगतात. मला तो प्रसंग पहिल्यांदा पाहताना वाटलं, अभिनयच नाही. मग कळलं की माझ्या चप्पलच्या प्रसंगात मी हेच उलटं केलं होतं. इथं आठवणीकडे जायचा रस्ता शोधावा लागत नाही, म्हणून मेथडही लागत नाही. पण उद्या याच बाईंना श्रीमंत वकिलीण करायला सांगितली तर हे चालणार नाही, आणि नटाला तर उद्या वकिलीण आणि परवा भामिनी करायची असते. तंत्र त्यासाठी.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण द्यायचं तर घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. रामदासांचं जन्मगाव म्हणून बोर्ड लागलेला असतो, पण नाटकवाल्यांसाठी ते राजकुमार तांगडे यांचं गाव. शेती करणारा हा लेखक. २०१२ मध्ये त्यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक नंदू माधव, कल्पना आणि शाहिरी संभाजी भगत यांची, आणि मंचावर जालन्याकडच्या खेड्यांतली, शेती करणारी पुष्कळ पोरं. यम शिवरायांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार मागेच राहतात, आणि मग त्यांचा शोध, असा मामला.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शहाणपणानं हात बघत बसलो होतो. काही सापडेना. ही पोरं वाक्य टाकून प्रेक्षकांकडे बघत होती, हशा संपेपर्यंत थांबत होती, गात होती, पात्रातून बाहेर येऊन परत आत जात होती. स्ट्रासबर्गच्या हिशेबानं सगळंच चूक. पण हे त्या रस्त्यानं चाललेलंच नव्हतं. ही तमाशातल्या सोंगाड्याची, जलशाची वाट. इथं पात्र आणि नट दोघंही एकाच वेळी दिसायला हवेत, कारण बोलणारा शेतकरी आहे हे प्रेक्षकानं विसरायचं नसतं. त्यांचं कसब बघायचं तर घड्याळ लावून बघावं लागतं. हशा कुठं येतो, नट किती थांबतो, परत कुठल्या शब्दावर धरतो. दोन प्रयोग बघितले तर मेथडवाल्याचा विराम बदललेला दिसेल, कारण त्या दिवशी त्याच्या आत काय आलं त्यावर तो अवलंबून. इथंही विराम बदलतो, पण समोर कोण बसलंय त्यावर.

महोत्सवाला सात वर्षं होऊन गेल्यावर, एका पावसाळी दुपारी मी हा व्यायाम नीट करून बघितला. नाटक नव्हतं, स्पर्धा नव्हती. एक मित्र आला होता, त्याला म्हटलं, बस समोर, काही बोलू नको. खुर्चीत अंग सैल सोडलं. जबड्यालाच किती वेळ लागला. मग ते गेले त्या दिवशीची दुपार, पाच मिनिटं आधीपासून. चेहऱ्याकडे गेलो नाही. अंगात कॉलेजचा शर्ट होता, पाठीला चिकटलेला. ओसरीवर कडब्याचा वास. उजेड पत्र्याच्या भोकातून जमिनीवर पडलेला. बाजेची सुतळी मांडीला टोचत होती. काहीच होत नव्हतं, आणि या वेळी मी वाटही बघत नव्हतो. हातात काय होतं? तांब्या. त्यांना पाणी द्यायला आणलेला पितळेचा तांब्या. वजन, गारवा, बुडाशी ओल. आणि काठाखाली एक पोचा होता, मी लहानपणी विहिरीच्या दगडावर आपटून पाडलेला. आजोबांनी तो कधी सरळ करून घेतला नव्हता.

मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर फार काही नसावं. मित्रानं काही वेळानं एवढंच विचारलं, "अंगठा कामून फिरवायलास?"